बसलं का जुळलं?

आमच्या दादाला कशाचंही माप घ्यायची खोड होती. नागापूरच्या एमआयडीसीत तो टर्नर होता, लेथवर बावीस वर्षं उभा राहिलेला माणूस. खिशात पेन असो वा नसो, व्हर्नियर असायचाच. माझ्या लग्नात कासार चुडा भरत होता तेव्हा दादाने बांगडीला व्हर्नियर लावून आतलं माप घेतलं आणि कासाराला म्हणाला, "येक मिलिमीटर वाढवा, न्हाईतर हात सोलंल तिचा." सगळा मांडव हसला होता. वहिनीच्या भाकरीची जाडीसुद्धा त्याने एकदा मोजली होती. त्या दिवशी तो उपाशी राहिला असं वहिनी अजून सांगते.

माझा आणि त्याचा स्वभाव म्हणजे दोन टोकं. मी राजूरला शाळेत शिकवते. साठ पोरांना एकाच वेळी वळण लावायचं तर माणसाला घाई होतेच, आणि माझी ती घाई घरातही सुटत नाही. कुकरचं झाकण, टाकीचा नळ, कपाटाचा खण, मी काहीही दाबून बसवते. दादा ते बघत राहायचा आणि शेवटी एकच विचारायचा, "बसलं का जुळलं?" त्याच्या धंद्यात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ठोकून काहीही बसतं, पण जुळतं फक्त मापाने. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," असंही तो मला म्हणायचा. मी बाई असून नवरा कशी, हे भांडण आम्ही लहानपणापासून भांडत आलो होतो.

मग त्याला तो नसांचा आजार झाला. आधी हातातून व्हर्नियर पडायला लागला. कामावरून घरी बसला. वर्षभरात पाय गेले, मग जीभ जड झाली, मग शब्द निघेनासे झाले. डोकं मात्र जसंच्या तसं होतं. सगळं कळत होतं, आणि सांगता काही येत नव्हतं. ते बघणं मला सहन व्हायचं नाही, म्हणून मी सुट्टी मिळाली की नागापूरला यायची आणि आले की कामं काढून पळत राहायची. त्याच्याजवळ नुसतं बसायला मला जमत नव्हतं, हे आज कबूल करते.

बोलता येत होतं तोवरच दादाने आपली सोय करून ठेवली होती. त्याने एक जुना लॅपटॉप घेतला. मोबाईलवर त्याचं बोट घसरायचं आणि एका अक्षराऐवजी सात अक्षरं उमटायची. म्हणून त्याने लॅपटॉपच्या बटणांवर बसेल असा ॲल्युमिनियमचा पत्रा करून घेतला. प्रत्येक बटणाच्या बरोबर वर एक भोक. मापं त्याने पलंगावर पडल्या पडल्या तोंडी सांगितली आणि कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांनी टूलरूममध्ये तो पत्रा करून आणला. बोट पत्र्यावर टेकवून सरकवायचं, हव्या त्या भोकात आलं की सोडून द्यायचं. बोटाच्या वजनानेच बटण दाबलं जायचं. लॅपटॉप एका पत्र्याच्या ट्रेमध्ये बसवलेला, वरून तो भोकांचा पत्रा चार स्क्रूंनी आवळलेला, आणि ट्रेच्या बाजूला चार्जरची पिन आत घालायला एक गोल भोक. तेही मापाने काढलेलं. जुन्या चार्जरची सरळ पिन त्यातून नेमकी जायची.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून दादा त्यावर बोलायचा. एका वाक्याला पाच-दहा मिनिटं लागायची. दुपारी जेवणं झाली की वहिनी पलंगाशेजारी बसायची, तो लिहायचा आणि ती एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायची. त्यांचं बोलणं म्हणजे बहुतेक भांडणच. "मीठ कमी हाय," तो लिहायचा. "मंग कारखान्यातून आना," ती म्हणायची. तिला उत्तर द्यायला त्याला दहा मिनिटं लागायची आणि ती दहा मिनिटं हातातलं काम टाकून वाट बघायची. नवरा-बायकोचं इतकं सावकाश आणि इतकं मन लावून चाललेलं भांडण मी दुसरीकडे पाहिलं नाही.

लॅपटॉप बंद असला की डोळ्यांवर काम चालायचं. एकदा डोळे मिटले की होय, दोनदा मिटले की नाही.

मी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा दादाचं एकच बोट उरलं होतं, उजव्या हाताचं मधलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हेही फार दिवस चालणार नाही. त्याच आठवड्यात दुष्काळात तेरावा महिना आला. एका सकाळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत आली तेव्हा लॅपटॉपचा चार्जर मेला होता. त्याच्यावरचा दिवा लागेना, ठोकळ्याला जळका वास येत होता. लॅपटॉपची बॅटरी म्हणाल तर ती नावालाच. चार्जर काढला की सात-आठ मिनिटांत सगळं बंद व्हायचं.

त्या मिनिटांत दादाने घाईने, म्हणजे त्याच्या घाईने, लिहायला सुरुवात केली. मी चपला शोधत होते. वहिनीने वाचलं, "जुना संगं ने. १९ व्होल्ट. पिन भाईर ५.५, आत २.५. मधी प्लस."

"कळलं रे बाबा," मी म्हटलं, "मास्तरीण आहे मी, वाचता येतं मला."

त्याचं बोट अजून सरकत होतं, पण पडदा काळा झाला. पुढे काय लिहायचं होतं ते राहिलं. मी मेलेला चार्जर पिशवीत टाकला आणि रिक्षाने नगर शहरात गेले.

दुकान बाजारातल्या एका अरुंद जिन्याखाली होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. त्याने चार्जर उलटा करून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि मला एक छोटं चित्र दाखवलं. मध्ये टिंब, भोवती अर्धवट गोल. टिंबातून निघालेली रेघ अधिकच्या चिन्हाला मिळाली होती आणि गोलातून निघालेली वजाच्या.

"म्हणजे पिनच्या आतला भाग प्लस, बाहेरची नळी मायनस," तो म्हणाला. "बहुतेकांना असंच असतं. पण बघितल्याशिवाय लावायचं नाही, मॅडम."

त्याने फडताळातून एकेक चार्जर काढला. एक एकोणीस व्होल्टचा होता, पण त्याची पिन बारीक. एकाची पिन हुबेहूब, पण तो मॉनिटरचा, बारा व्होल्टचा. "ही बसेल," तो म्हणाला, "पण नुसती बसून काय उपयोग? बारावर तुमचा लॅपटॉप चालायचा नाही. व्होल्ट तेवढेच पाहिजेत. अँपिअर जास्त असला तर हरकत नाही, लॅपटॉप लागेल तेवढाच ओढतो. कमी मात्र नको." तिसऱ्याची पिन बाहेरून अगदी तीच दिसत होती. त्याने प्लॅस्टिकचा व्हर्नियर लावून पाहिला. बाहेरून साडेपाच बरोबर, पण आतलं भोक अडीचऐवजी दोन पूर्णांक एकचं. आपल्याकडच्या एका सुट्या सॉकेटवर त्याने ती दाबून दाखवली. मधल्या काडीवर ती चढेना.

व्हर्नियर बघून मला भरून आलं. दादा इथे असता तर या माणसाशी तासभर बोलत बसला असता.

"बरोबरचा उद्या दुपारी पुण्याहून येईल," दुकानदार म्हणाला. "एक दिवस थांबा."

एक दिवस! त्या बोटाचे दिवस किती उरलेत ते मला माहीत होतं. एक दिवस म्हणजे वहिनीच्या भांडणातली चार वाक्यं. मी म्हटलं, आजच काहीतरी द्या. तो नाखुशीनेच उठला आणि त्याने एक युनिव्हर्सल चार्जर काढला. त्याच्यावर व्होल्ट निवडायचा खटका होता आणि सोबत पिशवीत आठ-दहा सुट्या पिना. त्याने खटका एकोणीसवर नेला, पिनांतून अडीचची शोधली आणि वायरीच्या टोकाला जोडली. मग मीटरची लाल सुई पिनच्या भोकात घातली, काळी बाहेरून टेकवली. आकडा आला एकोणीस. "बघा, आकड्याआधी वजा नाही आला. उलटं असतं तर वजा एकोणीस दिसलं असतं," तो म्हणाला. "आता ही पिन काढू नका. ती दोन्ही बाजूंनी बसते, तिथंच घोळ होतो. निघालीच तर पिनवरचं प्लस आणि वायरीवरचं प्लस समोरासमोर ठेवून लावा."

मी हो हो म्हटलं. शाळेत पोरं जसं हो हो म्हणतात तसं.

घरी आले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात दादासाठी पातळ खीर ढवळत होती. दादा उशीला टेकून बसवलेला, डोळे दाराकडे. मी चार्जर भिंतीच्या बोर्डात लावला, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. "बघ, आणला की नाही?" मी त्याला म्हटलं. त्याने एकदा डोळे मिटले.

पण ट्रेच्या भोकातून पिन आत जाईना. ही पिन काटकोनात वळलेली होती आणि ते भोक दादाने सरळ पिनेच्या मापाने काढायला लावलेलं. चार स्क्रू सोडून लॅपटॉप बाहेर काढता आला असता. स्क्रू ड्रायव्हर खणातच होता. पण तेवढा धीर कुणाला? मी पिन वायरीपासून उपटली, वायरीचं टोक भोकातून आत घातलं, आणि मग ट्रेच्या कडेच्या फटीतून बोटं आत कोंबून पिन परत टोकावर दाबली. टक् करून बसली.

दादाने डोळे मिटले. उघडले. परत मिटले. जरा थांबून पुन्हा दोनदा.

मला वाटलं, होय होय म्हणतोय. वाट पाहून कंटाळलाय बिचारा. "लावते रे, लावते," मी म्हटलं.

पुन्हा दोनदा. डोळे इतके घट्ट मिटले की कपाळावर आठ्या आल्या. आणि मी, साठ पोरांची बोटं मोजून बेरजा शिकवणारी मी, दोनपर्यंत मोजायचं विसरले. पिन लॅपटॉपमध्ये घातली. आत कुठेतरी फट् झालं. चार्जरचा हिरवा दिवा विझला आणि ट्रेच्या भोकांतून तो वास वर आला, सकाळचाच.

वहिनी पळत दारात आली. तिने आधी मला पाहिलं नाही, दादाला पाहिलं. "ताई," ती म्हणाली, "ते न्हाई म्हनत्यात."

मी पिन ओढून काढली. पिनवरचं बारीक प्लसचं चिन्ह वायरीवरच्या वजासमोर होतं. मी ती उलटी बसवली होती. आतल्या प्लसचं मायनस झालं होतं. जोडताना मी ती कशी धरली ते दादाने पलंगावरून पाहिलं होतं, बावीस वर्षं केसाइतक्या फरकावर नजर ठेवलेल्या डोळ्यांनी. त्याला दिसत होतं, कळत होतं, आणि सांगायचं साधन मीच त्याच्या डोळ्यांदेखत जाळत होते. मी पिन सुलट करून लावून पाहिली. दहा वेळा बटण दाबलं. काही झालं नाही.

मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

लॅपटॉप त्याच दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडून मला दाखवला. पिनेच्या सॉकेटजवळचे दोन-तीन मुंगीएवढे काळे भाग फुटून करपले होते. तो मला बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो बोलला नाही. "आतली माहिती शाबूत आहे," एवढंच म्हणाला, "बोर्ड मात्र पुण्याला पाठवायला लागेल. आठ-दहा दिवस."

माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप राजूरहून मागवून घेतला. भोकांचा पत्रा त्याच्यावर ठेवला तर एकही भोक बटणावर येईना. निम्मी भोकं दोन बटणांच्या मधल्या फटीवर. मी पत्रा दाबून, सरकवून पाहिला, आणि दाबताना माझं मलाच ऐकू आलं, बसलं का जुळलं. मग मी तो पत्रा काढून ठेवला.

शेवटी पहिलीच्या वर्गातला मुळाक्षरांचा तक्ता आणला. मी अक्षरावर बोट ठेवत जायचं, हवं ते आलं की दादाने डोळे मिटायचे. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. मी बोट सरकवत गेले. ब वर त्याने डोळे मिटले. मग कितीतरी वेळाने स वर. मग ल वर.

ब, स, ल. माझं बोट तिथेच थांबलं.

वहिनीला आधी कळलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "तुमाला इचारत्यात, ताई. बसलं का म्हनून." दादाच्या डोळ्यांत तो जुना खोडसाळपणा होता. मी हसले, रडले, त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. "नाही जुळलं रे दादा," मी म्हटलं. त्याने एकदा डोळे मिटले. होय. माहिती आहे.

तक्ता फार चालला नाही. डोळे थकायचे. मिटलेले डोळे म्हणजे होय की नुसताच थकवा, ते कळेना. चार अक्षरांवर गाडी अडायची. दुपारी वहिनी सवयीने पलंगाशेजारी येऊन बसायची. एकदा तिने नेहमीसारखं विचारलं, "मीठ बरूबर हाय का?" त्याने एकदा डोळे मिटले. ती तशीच बसून राहिली. मग मला म्हणाली, "नुसतं व्हय म्हनत्यात आता. तेवढं भांडान हुतं, ते बी गेलं." ती मला टाकून बोलली नाही. कधीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

मी रजा वाढवली. पळायला कामं उरली नव्हती, म्हणून दादाजवळ नुसती बसायला शिकले. उशिरा शिकले.

लॅपटॉप पुण्याहून आला तो बाराव्या दिवशी. सोबत तो बरोबरचा चार्जर. मी दुकानातच तो उलटा करून वाचला. एकोणीस व्होल्ट. चित्रातल्या टिंबाची रेघ अधिकला. दादाचा व्हर्नियर मी पर्समध्ये घेऊन गेले होते. पिन मोजली, बाहेरून साडेपाच. आतल्या अडीचसाठी सुट्या सॉकेटवर चढवून पाहिली. दुकानदाराने मीटर लावला. वजा नव्हता. मला घाई नव्हती. गिऱ्हाइकं मागे उभी होती, त्यांना मी उभं राहू दिलं.

घरी आल्यावर चारही स्क्रू एकेक करून आवळले. सरळ पिन ट्रेच्या भोकातून आपसूक आत गेली, नेमकी, दादाने ठरवल्यासारखी. पडदा उजळला. मी ट्रे दादाच्या पुढ्यात ओढला आणि त्याचा हात उचलून मधलं बोट पत्र्यावर टेकवलं. वहिनी शेजारी येऊन बसली, हातातलं काम टाकून.

आम्ही वाट पाहिली. बोट हललं नाही. त्या बारा दिवसांत कधीतरी ते थांबलं होतं. कोणत्या दिवशी, हे आम्हाला कळलंही नव्हतं.

"दादा," मी विचारलं, "लिहायला जमेल का रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे मिटले, उघडले. मी कशाला हात लावला नाही, थांबले. मग त्याने ते दुसऱ्यांदा मिटले.

या वेळी मी मोजलं.